कूळ गेले, वहिवाट राहिली

भिवंडी तालुक्यात काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे या गावांत आज ज्या जमिनींवर गोदामांची छपरे दिसतात, तेथे दोन पिढ्यांपूर्वी भाताची खाचरे होती. जमीन एकाच्या नावावर आणि नांगर दुसऱ्याच्या हातात, ही त्या काळच्या शेतीची नेहमीची रीत. नांगर धरणारा कधीच गेला. त्याची मुले यंत्रमागावर, गोदामात किंवा ठाण्या-मुंबईत नोकरीला लागली. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात मात्र आजोबांचे नाव तसेच राहिले. पुढे जमिनीला भाव आला, महामार्गासाठी संपादनाची नोटीस आली किंवा मालकाच्या नातवाने जमीन विकायला काढली, की तो जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. कूळ वारल्यावर त्याच्या वारसांना जमीन कसत राहण्याचा हक्क आहे का? उत्तर ‘हो’ असे आहे आणि कायद्यात ते पुरेसे स्पष्ट आहे. तरीही या हक्काची प्रकरणे वर्षानुवर्षे चालतात, कारण वाद बहुधा वारसा चालतो की नाही यावर नसतोच. मरताना कुळाच्या हातात नेमके काय होते आणि त्यानंतर वारसांनी ते कसे राखले, यावर तो असतो. मृत्यूने कूळवहिवाट संपत नाही. ती संपते ती पुढच्या वर्षांत, न दिलेल्या नोटिशीत, न लागलेल्या नावात आणि भलत्याच कागदावर केलेल्या सहीत.

मूळ तरतूद मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ याच्या कलम ४० मध्ये आहे. या कायद्याचे नाव आता महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम असे आहे. या कलमाचा आशय असा: कायम कूळ नसलेले कूळ मरण पावले, तर मृत्यूच्या वेळी ज्या अटी-शर्तींवर ते जमीन धारण करत होते त्याच अटी-शर्तींवर, वहिवाट पुढे चालवण्यास इच्छुक असलेल्या वारसाकडे किंवा वारसांकडे जमीनमालकाने ती चालू ठेवली आहे, असे मानले जाईल. कायम कुळाला वगळले ते त्याचा हक्क मुळातच पिढीजात असतो म्हणून. यातला ‘मानले जाईल’ हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. मालकाने संमती द्यावी, नवी कबुलायत लिहून घ्यावी किंवा वारसांनी त्याच्याकडे अर्ज करावा, असे कलम म्हणत नाही. कूळ गेले त्या क्षणी वहिवाट वारसांकडे आलेली असते. मालक नाराज असला, त्याने खंडाची पावती द्यायचे बंद केले किंवा ‘मी तुमच्या बापाला जमीन दिली होती, तुम्हाला नाही’ असे सांगितले, तरी त्याने काही बदलत नाही. ‘त्याच अटी-शर्तींवर’ या शब्दांनी मात्र दोन्ही बाजू बांधल्या जातात. मालकाला वारसांकडून जास्त खंड मागता येत नाही, आणि वारसांना बापापेक्षा मोठा हक्क मिळत नाही. बापाने खंड थकवला असेल तर ती बाकीही त्यांच्याकडे येते.

यावर पहिला आक्षेप तत्त्वाचा आहे. भाडेपट्टा हा दोन माणसांमधला करार. मालकाने एका माणसाचा कष्टाळूपणा आणि सचोटी पाहून जमीन दिली, मग त्याच्या मुलांना मालकावर का लादायचे? हा आक्षेप करारनाम्याच्या चौकटीत बरोबर आहे, पण कूळकायद्याने ती चौकटच बाजूला ठेवली. खंड किती, वहिवाट कधी संपवता येईल, ताबा कोणाच्या आदेशाने घ्यायचा, या सगळ्या गोष्टी कायद्याने मालकाच्या मर्जीतून काढून घेतल्या. एवढे करून वहिवाट कुळाच्या मृत्यूबरोबर संपणार असती, तर सारे संरक्षण एका आयुष्यापुरते उरले असते आणि मालकाने फक्त वाट पाहायची होती. शिवाय भातशेतीत राबणारे कधीच एकटे कूळ नसते. लावणीला बायको आणि मुले असतात, बांधबंदिस्ती सारे घर करते. कूळ म्हणून नाव एकाचे असले तरी जमिनीवर श्रम कुटुंबाचे असतात. १९५६ च्या दुरुस्तीने कुळांना मालकी देण्याची जी व्यवस्था झाली, तिला जमीनमालकांनी आव्हान दिले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये श्रीराम रामनारायण मेढी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात ती शेतजमीन सुधारणा म्हणून वैध ठरवली. वारसा चालू ठेवणारे कलम ४० हा त्याच इमारतीचा एक खांब आहे.

दुसऱ्या देशाचा कायदा शेजारी ठेवला की आपल्या कलमाचा आवाका कळतो. इंग्लंडमध्ये १९७६ च्या कायद्याने शेतीच्या कुळाच्या वारसाला हक्क मिळाला, पण तो दोनच वारसदारींपुरता. वारसाने मृत्यूपूर्वीच्या सात वर्षांपैकी पाच वर्षे मुख्यतः त्याच शेतीवर उपजीविका केलेली असावी, अशी अट होती. पुढे १९८४ नंतरच्या बहुतेक नव्या पट्ट्यांना हा लाभ राहिला नाही. पश्चिम बंगालने वेगळी वाट धरली. तिथे बरगादार मेला की त्याच्या वारसांनी आपल्यातून कसणारा एक ठरवायचा, आणि त्यांचे एकमत झाले नाही तर अधिकारी ठरवतो. आपल्या कलम ४० मध्ये पिढ्यांची मर्यादा नाही, उपजीविकेची पूर्वअट नाही आणि एकच वारस निवडण्याची सक्तीही नाही. ‘वारस किंवा वारसांकडे’ एवढेच ते म्हणते. ही उदारता कुळाच्या बाजूची आहे, पण भिवंडीतल्या निम्म्या गुंत्यांचे मूळही तिच्यातच आहे, कारण वारस कोण हे कलम सांगत नाही.

वारस कोण हे वैयक्तिक कायद्यावरून ठरते. हिंदू कूळ १७ जून १९५६ नंतर मेले असेल, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे विधवा, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस एकाच वेळी येतात. या कायद्यात कलम ४(२) होते. शेतजमिनीचे तुकडे, कमाल धारणा आणि कूळवहिवाटीचे हक्क कसे उतरतात याविषयीच्या राज्यांच्या कायद्यांना त्याने मोकळीक दिली होती. त्याचा आधार घेऊन ‘कुळाच्या जमिनीत मुलीचा हिस्सा नाही’ असा युक्तिवाद केला जाई. महाराष्ट्रात त्यात फारसा दम नव्हता, कारण कलम ४० ने मुलगा आधी की मुलगी आधी असा वेगळा क्रम लावलेलाच नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून कलम ४(२) रद्द झाले आणि तो प्रश्न उरला नाही. कलम ४० चे दुसरे पोटकलम जुन्या काळाची खूण आहे. वहिवाट विधवेखेरीज इतर वारसांकडे गेली, तर त्या जमिनीच्या उत्पन्नावर तिच्या पोटगीचा बोजा राहील, असे ते म्हणते. आज विधवा स्वतः वारस असते, पण तिला बाजूला सारून मुलांनी नावे लावली असतील तिथे हे पोटकलम अजूनही तिच्या कामाचे आहे.

मृत्युपत्राचा प्रश्न वेगळा आहे. कुळाने आपली वहिवाट मृत्युपत्राने एखाद्या परक्याला देऊन टाकली तर? कलम ‘वारस’ म्हणते, ‘मृत्युपत्राने घेणारा’ म्हणत नाही. कर्नाटकच्या कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये हाच अर्थ लावला होता. २०२० मध्ये, मुंबई कूळकायदाच लागू असलेल्या गुजरातच्या एका प्रकरणात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, कूळ म्हणून विकत घेतलेली जमीनसुद्धा मृत्युपत्राच्या वाटेने बिगरशेतकऱ्याकडे नेता येत नाही. भिवंडीत हे लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण म्हाताऱ्या कुळाकडून मृत्युपत्र लिहून घेऊन जमिनीवर हक्क सांगणे ही विक्रीची मनाई टाळण्याची एक जुनी युक्ती आहे.

आता मुख्य प्रश्न: मेलेल्या कुळाच्या हातात होते काय? इथे १ एप्रिल १९५७ ही तारीख येते. कायदा तिला कृषिदिन म्हणतो. त्या दिवशी जमीन स्वतः कसणारे कूळ, कायद्यातले अपवाद सोडून, त्या जमिनीचे खरेदीदार झाले असे मानले जाते. अमृत भिकाजी काळे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हे ठामपणे सांगितले: कृषिदिनी मालकाची मालकी संपते आणि कूळ मालक होते. कलम ३२-ग खाली शेतजमीन न्यायाधिकरण किंमत ठरवते आणि कलम ३२-म खाली प्रमाणपत्र देते, ते या आधीच घडलेल्या खरेदीची पूर्तता म्हणून. त्यामुळे मृत्यूची तारीख आणि ही तारीख शेजारी मांडल्याशिवाय वारसांना काय मिळाले हे सांगता येत नाही. कूळ १९५५ मध्ये गेले असेल, तर कलम ४० ने वारस कूळ झाले आणि १ एप्रिल १९५७ रोजी तेच खरेदीदार ठरले. कूळ १९६२ मध्ये गेले आणि जमिनीला अपवाद लागू नव्हता, तर मरताना ते कूळ उरलेलेच नव्हते. वारसांना वहिवाट नव्हे, मालकी मिळाली, मग ३२-ग ची सुनावणी झालेली असो वा नसो. ‘वारसांना कसता येईल का’ हा प्रश्नच तिथे चुकीचा आहे. खरा प्रश्न उरतो तो तिसऱ्या प्रकारात, जिथे खरेदी लांबणीवर पडली होती किंवा जमीन खरेदीच्या तरतुदींतून वगळलेली होती आणि कूळ कूळ म्हणूनच मेले.

वगळलेल्या जमिनींचे उदाहरण भिवंडी शहरातच आहे. कलम ४३-क प्रमाणे मुंबई महानगरपालिका, इतर महापालिका आणि नगरपालिका यांच्या हद्दीतल्या जमिनींना कलम ३१ ते ३२-र, म्हणजे मालकाने जमीन परत मागण्याच्या आणि कुळाने खरेदी करण्याच्या तरतुदी, लागू नाहीत. भिवंडी-निजामपूरला १९५७ च्या कितीतरी आधीपासून नगरपालिका होती. म्हणून जुन्या हद्दीतल्या भातजमिनीचे कूळ कृषिदिनी मालक झाले नाही. मात्र कलम ४३-क च्या वगळलेल्या यादीत कलम ४० नाही. शहराच्या आत खरेदीचा हक्क नसला तरी वहिवाट वारसांकडे जातेच. आणि ज्या गावांचा शहरात समावेश कृषिदिनानंतर झाला, तिथल्या कुळाला एकदा मिळालेली मालकी नंतरच्या हद्दवाढीने परत जात नाही. याउलट देवस्थान, शिक्षणसंस्था, रुग्णालय, पांजरपोळ यांच्या न्यासांच्या जमिनींना कलम ८८-ब खाली सूट आहे. त्यांना लागू राहणाऱ्या कलमांची एक ठरावीक यादी दिली आहे आणि कलम ४० त्या यादीत नाही. म्हणून अशा जमिनीवरच्या कुळाच्या वारसांची बाजू कायद्याच्या शब्दांतच कमकुवत आहे. जमीन कोणाची आहे हे न पाहता ‘कुळाचा वारसा चालतो’ असे सरसकट सांगणारा सल्ला इथे फसतो.

लांबणीवर पडलेल्या खरेदीचा प्रकार सर्वांत नाजूक असतो. तो समजण्यासाठी एक कल्पित पण तालुक्यात शोभेल असे उदाहरण घेऊ. नगरपालिका हद्दीबाहेरच्या गावात दीड एकर भातजमीन आहे, आकार सहा रुपये. कूळ १९४६ पासून कसते आहे. मालक १९५४ मध्ये वारला आणि जमीन त्याच्या विधवेकडे, तिचा स्वतंत्र हिस्सा म्हणून आली. कृषिदिनी मालक विधवा असल्यामुळे कलम ३२-फ ने खरेदी लांबणीवर टाकली. विधवा, अज्ञान किंवा अपंग मालकाला कृषिदिनाच्या घाईत जमीन गमवावी लागू नये, हा त्यामागचा हेतू. १९६८ मध्ये कूळ वारले. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. कलम ४० ने चौघेही वारस म्हणून कूळ झाले, पण तलाठ्याच्या नोंदीत फक्त थोरल्याचे नाव लागले. १९७९ मध्ये मालकीणबाई वारल्या आणि जमीन त्यांच्या पुतण्याकडे गेली. आता कायद्याचे घड्याळ सुरू होते. विधवेचा हक्क संपल्यापासून एक वर्ष तिच्या उत्तराधिकाऱ्याला स्वतः कसण्यासाठी जमीन मागता येते. ते वर्ष संपल्यावर पुढच्या एका वर्षात कुळाने आपण जमीन विकत घेत असल्याचे मालकाला आणि न्यायाधिकरणाला कळवायचे असते. पुतण्याने जमीन मागितली नाही. थोरल्या मुलाने कळवले नाही. मालकीणबाई कधी वारल्या हेच गावात कोणाला नेमके ठाऊक नव्हते, कारण त्या मुंबईत राहत होत्या.

जुन्या न्यायनिर्णयांच्या कडक अर्थाने इथे सगळे संपले असते. नोटिशीचे वर्ष गेले म्हणजे खरेदीचा हक्क गेला, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये आणि नंतरही ठरवले होते. मालक कधी मेला हे कुळाला कळलेच नसेल तर त्याने नोटीस द्यायची कशी, या साध्या प्रश्नाला त्यात जागा नव्हती. १८ सप्टेंबर २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने पडवे विरुद्ध सावंत या खटल्यात हा अर्थ बदलला. १९६९ च्या दुरुस्तीने अज्ञान मालकावर, तो सज्ञान झाल्याची माहिती कुळाला देण्याचे बंधन घातले होते. विधवेच्या उत्तराधिकाऱ्यालाही तिचा हक्क संपल्याचे कुळाला कळवावे लागेल, असे न्यायालयाने म्हटले. तसे कळवले नसेल तर कुळाचे वर्ष सुरूच होत नाही. आपल्या उदाहरणात पुतण्याने काही कळवलेले नाही, म्हणून चौघा वारसांचा खरेदीचा हक्क जिवंत आहे. किंमत ठरेल ती कलम ३२-ह प्रमाणे आकाराच्या वीस ते दोनशे पटींत, म्हणजे एकशेवीस ते बाराशे रुपयांच्या दरम्यान, त्यात थकलेला खंड आणि जमिनीवरची बांधकामे, झाडे यांचा हिशेब मिळवून. आजच्या बाजारभावापुढे ही रक्कम हास्यास्पद वाटते, पण त्या काळच्या भातजमिनीचा तो कायद्याने लावलेला भाव आहे आणि हे वारस त्याच काळच्या हक्कावर उभे आहेत.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो पहिल्यापेक्षा जड आहे. आज वारस जमीन कसतात कुठे? मुलगा यंत्रमागावर बारा तास उभा असतो. वहिवाट शेतकऱ्यासाठी आहे, तर शेती सोडलेल्याला ती का मिळावी? कायद्याने याचे उत्तर ‘स्वतः कसणे’ या व्याख्येत दिले आहे. स्वतःच्या श्रमाने, कुटुंबातल्या माणसांच्या श्रमाने, किंवा स्वतःच्या अथवा कुटुंबीयाच्या देखरेखीखाली मजुरांकडून कसून घेणे हे सारे ‘स्वतः कसणे’च आहे. अट एकच, मजुरी पैशाने किंवा धान्याने ठरलेली असावी, पिकाच्या वाट्याने नव्हे. म्हणजे थोरला कारखान्यात असला आणि आई किंवा धाकटा लावणी-कापणी करून घेत असला तर हक्क शाबूत राहतो. पण दोन्ही भावांनी जमीन गावातल्या तिसऱ्याला अर्धेलीने दिली, तर ते स्वतःच मालकाच्या जागी जाऊन बसतात आणि कलम १४ चा धोका ओढवून घेतात. पोटकूळ लावणे, जमिनीची पोटविभागणी करणे, जमिनीचे कायमचे नुकसान करणे, ती बिगरशेती कामाला वापरणे, स्वतः न कसणे आणि दरवर्षी ३१ मेपर्यंत खंड न देणे, ही वहिवाट संपवण्याची कारणे आहेत. त्यातही मालकाने तीन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते आणि त्या मुदतीत चूक सुधारता येते. ताबा तर कलम २९ प्रमाणे तहसीलदाराच्या आदेशाशिवाय घेताच येत नाही. वारसांनी जमीन पडीक टाकली असे मालकाला वाटले, तर त्याची वाट तहसील कार्यालयातून जाते, कुंपण घालण्यातून नव्हे. वारसांना जबरीने हुसकावले गेले, तर त्यांनीही दोन वर्षांच्या आत तहसीलदाराकडे ताब्यासाठी अर्ज केला पाहिजे.

म्हणूनच कागद महत्त्वाचा ठरतो, पण त्याचे महत्त्व नेमके किती हेही समजून घेतले पाहिजे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावे लागते. तलाठी वारस नोंदवही आणि फेरफार नोंदवहीत नोंद घेतो, संबंधितांना नोटीस देतो आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. कुळाच्या बाबतीत वारसांची नावे मालकाच्या रकान्यात नव्हे तर ‘इतर हक्क’ रकान्यात यायला हवीत. अशी नोंद खरी धरली जाते, विरुद्ध पुरावा येईपर्यंत. ती हक्क निर्माण करत नाही आणि नसल्याने हक्क जातही नाही. पण नोंद नसेल तर वारसांना पहिल्या पायरीवरच अडखळावे लागते: आधी आजोबा कूळ होते हे कलम ७०-ब खाली तहसीलदारापुढे सिद्ध करायचे, आणि मग आपण त्यांचे वारस आहोत हे. जुने सातबारे, त्यातली पीकपाहणी, गाव नमुना ७-अ मधली कूळवहिवाटीची नोंद आणि खंडाच्या पावत्या यांना म्हणूनच मोल आहे. मालक आणि कूळ यांच्यातला ‘हे कूळ आहे का’ हा प्रश्न महसुली अधिकाऱ्यांचा आहे आणि दिवाणी न्यायालयाला तो स्वतः ठरवता येत नाही. भावंडांमधला हिश्श्याचा वाद मात्र दिवाणी न्यायालयाचा. ही दोन दारे ओळखता आली नाहीत की वारसांची वर्षे चुकीच्या दारात जातात.

सर्वांत मोठे नुकसान मात्र सहीने होते. ‘आम्ही जमीन सोडली’ असे थोरल्याने मालकाला शंभर रुपयांच्या मुद्रांकावर लिहून दिले, थोडे पैसे घेतले आणि धाकट्यांना ते वीस वर्षांनी कळले, अशा व्यवहाराची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत. कायद्याने त्याचीही तजवीज केली आहे. कलम १५ प्रमाणे वहिवाट सोडून देणे लेखी हवे आणि तहसीलदारापुढे त्याची पडताळणी झालेली हवी. कूळ राजीखुशीने, परिणाम समजून जमीन सोडते आहे याची खात्री अधिकाऱ्याने करायची असते. ही पडताळणी औपचारिक नाही, ती झाली नाही तर जमीन सोडणे वैध ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये सांगितले. आणि हक्क चौघांचा असेल तर एकाची सही फार तर त्याच्या स्वतःपुरती. उरलेल्या तिघांचा ‘इच्छुक’ वारस म्हणून असलेला हक्क तिने जात नाही. हेच बहिणींच्या बाबतीत उलट दिशेने लागू होते. बहिणीला वहिवाट नको असेल तर तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावे. तलाठ्यापुढे ‘माझी हरकत नाही’ म्हटल्याने तिचा हक्क सुटत नाही, आणि पुढे ३२-म चे प्रमाणपत्र एकट्या भावाच्या नावाने निघाले तरी तो प्रश्न संपत नाही.

भूसंपादनाने या सगळ्याला निकड आणली आहे. समृद्धी महामार्गाचे टोक भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावी आहे, आणि तालुक्यातली साठ गावे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या नियोजनाखाली आहेत. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने राज्याच्या कायद्याखालील कुळाला ‘हितसंबंधी व्यक्ती’ मानले आहे, म्हणून मोबदल्यात वाटा मागण्याचा हक्क वारसांनाही आहे. पण संपादन अधिकारी प्रथम नोंद पाहतो. मालकी झालेली जमीन असेल तर वारस पूर्ण मोबदल्याचे धनी, निव्वळ वहिवाट असेल तर वाटेकरी, आणि नोंदच नसेल तर तक्रारदार. एकाच जमिनीवरच्या एकाच कुटुंबाची ही तीन वेगवेगळी भविष्ये केवळ तारीख आणि कागद यांनी ठरतात.

शेवटचा आक्षेप न्यायाचा आहे. मालक नेहमी खोत किंवा सावकार नसतो. कधी तोही गरीब विधवेचा मुलगा असतो, आणि कुळाचा नातू गोदामाच्या भाड्यावर सुखात असतो. अशा वेळी वारसाहक्क उलटा अन्याय करत नाही का? करू शकतो. पण कायद्याने या अन्यायाच्या जागा मालकासाठी मोकळ्या ठेवल्या होत्या. विधवा-अज्ञानांना मुदत होती, स्वतः कसण्यासाठी जमीन मागायची संधी होती. आणि कूळ म्हणून वारसांनी जमीन शेतीबाहेर वापरली, तर वहिवाट संपवायचा मार्ग आजही आहे. खरेदी झाल्यानंतरच्या जमिनीवर कलम ४३ ने विक्रीला बंधन होते. २०१४ च्या दुरुस्तीने खरेदीनंतर दहा वर्षे उलटली असतील तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून विक्री शक्य केली. आपल्या उदाहरणात ती रक्कम दोनशे चाळीस रुपये होते. वारसाहक्कावरचा राग खरे तर या शेवटच्या टप्प्यावर असायला हवा, जिथे भाताची जमीन नगण्य रकमेत बाजारात येते. वारसाने कसत राहण्यावर तो काढणे चूक आहे. बापाने घातलेल्या बांधामागे त्याच खाचरात भात लावणारा मुलगा आणि तीच जमीन गोदामाला विकणारा नातू हे दोघेही कायद्याच्या लेखी वारस आहेत. पण कलम ४० लिहिले गेले ते पहिल्यासाठी, आणि त्याला कसत राहण्यासाठी त्या कलमाने मालकाच्या संमतीची गरज कधी ठेवलीच नव्हती.